मिठाईच्या दुकानाला "यात मैदा आहे का" हे नेमकं कसं विचारायचं

"नमस्कार, तुमची मिठाई प्युअर खव्याची आहे ना?" असा मेसेज मी दिवाळीच्या चार दिवस आधी इथल्याच, सोलापुरातल्या एका मिठाईवाल्याला व्हॉट्सॲपवर केला होता आणि दोन मिनिटांत उत्तर आलं, "हो ताई, १००% प्युअर." मला बरं वाटलं, मी लगेच अर्धा किलो पेढे आणि अर्धा किलो गुलाबजामची ऑर्डर टाकली. घ्यायला गेले तेव्हा आत कारागीर गुलाबजामाचं पीठ मळत होता आणि त्याच्या शेजारी मैद्याची पिशवी उघडी होती. मी विचारलं तर म्हणाला, "मैदा तर लागतोच की ताई, नाहीतर तुपात फुटून जाईल." दुकानदार खोटं बोलला नव्हता. खवा प्युअरच होता. मी विचारलं खव्याबद्दल आणि मला पाहिजे होतं मिठाईबद्दल.

माझी भाची ९ वर्षांची आहे आणि तिला सिलिॲक आहे. म्हणजे गव्हात जे ग्लुटेन असतं ते पोटात गेलं की तिच्या शरीराची स्वतःचीच यंत्रणा लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, तिथली जी बारीक बारीक बोटांसारखी रचना अन्न शोषून घेते ती झिजते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन वाढत नाही, रक्त कमी होतं. यावर गोळी नाही, ग्लुटेन आयुष्यभर बंद एवढाच इलाज. चपाती, ब्रेड, शंकरपाळे हे डोळ्याला दिसतं म्हणून ते टाळणं सोपं आहे, ज्वारीची भाकरी आपल्याकडं रोजचीच आहे त्यामुळं जेवणाचंही अडत नाही. अडतं ते दिसत नाही तिथं, आणि खव्याची मिठाई त्यातली पहिली. म्हणून हा एवढा छोटा मेसेज नीट कसा लिहायचा हे मी आता शिकले ते इथं सविस्तर लिहिते.

आधी खवा म्हणजे काय ते बघू. दूध कढईत सतत हलवत आटवत न्यायचं, पाणी उडून जातं आणि खाली घट्ट गोळा राहतो तो खवा. म्हशीच्या चांगल्या एक लिटर दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा पडतो, गाईच्या दुधाचा त्याहून कमी. म्हणजे एक किलो खव्यामागे जवळपास पाच लिटर दूध आणि वर गॅस आणि एका माणसाचा हात. खवा महाग का आणि त्यात काहीतरी ढकलायचा मोह का होतो ते इथंच कळतं. स्टार्च, म्हणजे मैदा, कॉर्नफ्लोअर, आरारूट, साबुदाण्याचं पीठ, यांचा गुणच असा की पाण्यात गरम केलं की त्यांचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सगळं घट्ट करून टाकतात. कमी आटवलेल्या दुधात थोडं घातलं तरी गोळा दाट दिसतो आणि वजन भरतं.

आपल्या देशाच्या अन्नसुरक्षेच्या नियमात खव्याची व्याख्या स्पष्ट आहे, खव्यात वरून घातलेला स्टार्च, साखर आणि रंग चालत नाही. आणि पाणी सोडून जो भाग उरतो त्यात दुधाचं फॅट कमीत कमी ३० टक्के पाहिजे. तेव्हा "खवा" म्हणून विकलेल्या गोळ्यात मैदा असेल तर ती सरळ भेसळ. पण हा नियम खव्याचा आहे, खव्यापासून केलेल्या मिठाईचा नाही. गुलाबजामात मैदा ही भेसळ नाही, ती रेसिपी आहे. नुसत्या खव्याची गोळी गरम तुपात सोडली की आतलं फॅट वितळतं आणि गोळी पसरून फुटते, तिला धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतंच. आपण घरीसुद्धा पाव किलो खव्याला ५०-६० ग्रॅम मैदा घेतोच की. त्यामुळं "भेसळ आहे का" आणि "पीठ आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मेसेजमध्ये पहिला विचारला की दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही, वर समोरच्याला राग येतो तो वेगळाच.

माझ्या पहिल्या मेसेजचं हेच झालं. "प्युअर" हा शब्द दुकानदाराच्या कानाला "तुम्ही फसवता का" असाच ऐकू येतो आणि त्याला कुणीही "नाही हो, एकदम प्युअर" हेच म्हणणार. दुसरी गोष्ट, "मिठाई" म्हटलं की त्यात तीस प्रकार आले. पेढा आणि साधी खव्याची बर्फी यात पीठ लागत नाही, कलाकंदातही नाही, तो दूध फाडून दाणेदार आटवलेला असतो. गुलाबजाम आणि काला जामुनमध्ये मैदा, कधी रवा, कधी आरारूट. रसमलाईच्या गोळ्यात छेन्याला धरायला थोडा मैदा किंवा रवा घालतात आणि वरच्या दुधाला घाईच्या दिवसात कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करतात, बासुंदी-रबडीचंही तेच होऊ शकतं. म्हणजे एकाच दुकानात एकाच खव्याच्या दोन पदार्थांचं उत्तर उलटं असतं, त्यामुळं पदार्थाचं नाव घेऊनच विचारायचं.

आणि पिठाचंही नाव घ्यायचं. "पीठ घालता का" विचारलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात कणीक येते आणि ते मनापासून "नाही" म्हणतात, कारण मैदा त्यांच्या बोलण्यात मैदा आहे आणि कॉर्नफ्लोअर तर पावडर आहे. "स्टार्च" हा शब्द तर वापरूच नका, काउंटरवरच्या पोराला तो कपड्याच्या कडकपणाचा वाटतो. मैदा, रवा, कॉर्नफ्लोअर, आरारूट अशी चार नावं लिहायची. बऱ्याच दुकानात कारागीर राजस्थान किंवा यूपीकडचे असतात, मालक मेसेज तसाच त्यांना वाचून दाखवतो, म्हणून मी रवा लिहिलं की पुढं सूजी पण लिहिते.

ही चार नावं वेगवेगळी लिहायचं अजून एक कारण आहे. भाचीला मैदा आणि रवा चालत नाही कारण ते गव्हाचे. कॉर्नफ्लोअर मक्याचं, आरारूट कंदाचं, साबुदाणा टॅपिओकाचा, यात ग्लुटेन नसतं, ते तिला चालतं. पण माझ्या सासूबाईंचं बघा, त्यांची पंढरीची वारी, एकादशी एकदम कडक. त्यांना मैदा चालत नाही तसं मका धान्य म्हणून कॉर्नफ्लोअर पण चालत नाही, आरारूट आणि साबुदाणा चालतो. आणि शेजारच्या काकांना शुगर आहे, त्यांना कुठलंही पीठ असलं तरी ते साखरेतच धरायचं, गहू का मका याचा त्यांना फरक नाही. दुकानदाराने "थोडं कॉर्नफ्लोअर आहे" असं सांगितलं तर त्याच एका उत्तरावर भाची खाणार, सासूबाई नाही खाणार आणि काका अर्धा खाणार. म्हणून उत्तर हो-नाही मध्ये नको, आत काय घातलंय त्याचं नाव पाहिजे.

"थोडंसंच असतं ताई, काय होत नाही" हे वाक्य पण ऐकायला मिळतं, म्हणून थोडं म्हणजे किती ते एकदा हिशोब करून बघू. पाव किलो खवा आणि ५० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅमचा गोळा झाला, १५ ग्रॅमचा एक म्हटला तर २० गुलाबजाम. एकात अडीच ग्रॅम मैदा आला. मैद्यात ग्लुटेन ढोबळमानाने आठ ते दहा टक्के, म्हणजे एका गुलाबजामात दोनशे मिलिग्रॅमच्या पुढं. सिलिॲकच्या पेशंटला दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांचं आतडं सुरक्षित राहतं असं डॉक्टर सांगतात, आणि रोज ५० मिलिग्रॅम काही महिने गेलं तर इजा दिसायला लागते. १० मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे मैदा किती, तर एक दशांश ग्रॅमच्या आसपास. आपण भाजीत चिमूटभर हळद टाकतो त्यापेक्षाही कमी. हाताला लागलेला मैदा झटकला तरी बोटाच्या रेषांत एवढा राहतो.

यामुळंच माझ्या मेसेजात शेवटी एक प्रश्न असतो जो बाकी लोकांना लागणार नाही पण सिलिॲकवाल्यांना लागतोच. पेढ्यात मैदा नसला तरी पेढा ज्या टेबलावर वळला त्यावर तासाभरापूर्वी बालुशाही केली का. ताट चिकटू नये म्हणून खाली पीठ भुरभुरलं का. बर्फी कापायची सुरी आणि काउंटरवरचा चिमटा सगळ्या मिठायांना एकच का. तळलेल्या पदार्थाचं तर विचारायलाच नको, ज्या तुपात बालुशाही तळली त्याच तुपात दुसरं काही तळलं की मैद्याचे कण त्यात आलेच.

अजून एक गोष्ट, खवा दुकानात आटवतात का बाहेरून येतो. आपल्याकडं भूम-कुंथलगिरीकडचा खवा नावाजलेला, बरीच दुकानं तिकडूनच मागवतात आणि त्यात वाईट काही नाही. पण मालक जेव्हा बाहेरचा खवा घेतो तेव्हा त्यात काय आहे हे त्यालाही पुरवणाऱ्याच्या शब्दावरच माहिती असतं. सणाला खव्याची ओढाताण झाली की बाजारात "स्पेशल बर्फी" किंवा तसल्या नावाने बंद पिशवीत तयार गोळा येतो, दिसायला खवाच, पण तो दूध पावडर, वनस्पती तूप, साखर असलं मिळून केलेला असतो आणि काहीत रवा पण असतो. त्या पिशवीवर घटक छापलेले असतात, म्हणून मालकाला प्रेमाने म्हणायचं की पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवाल का. सुट्ट्या मिठाईच्या ताटावर आपल्याला कधीपर्यंत खायची ती तारीख लावलेली दिसते पण घटकांची यादी नसते, त्यामुळं विचारल्याशिवाय दुसरा मार्गच नाही.

आता मेसेज. माझ्या भाचीचा वाढदिवस जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसातच येतो, तेव्हा मी दुसऱ्या एका दुकानाला हा पाठवला होता, जसाच्या तसा देते.

> नमस्कार मालक. आमच्या ९ वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद सांगितलाय, मैदा-रवा चिमूटभर गेला तरी आजारी पडते. शनिवारी पेढे आणि कलाकंद अर्धा-अर्धा किलो पाहिजे. कारागिराला विचारून सांगता का, पेढ्यात आणि कलाकंदात खवा-साखर-वेलची सोडून मैदा, रवा म्हणजे सूजी, कॉर्नफ्लोअर, आरारूट यातलं काय जातं? खवा तुमचाच का बाहेरचा? आणि बालुशाही-गुलाबजामचं काम त्याच टेबलावर होतं का? असेल तर असेल म्हणून सांगा, मी दुसरं काहीतरी घेईन, तक्रार अजिबात नाही. घाई नाही, उद्यापर्यंत सांगितलं तरी चालेल.

यात आजारपण आधी सांगितलंय, कारण मग समोरच्याला कळतं की ही बाई वजनकाटा तपासायला आलेली नाही. ऑर्डर किती ती लिहिलीय, म्हणजे गिऱ्हाईक खरं आहे. "कारागिराला विचारून" हे मुद्दाम, कारण काउंटरवरच्या माणसाला आतलं माहिती नसतं आणि तो अंदाजाने बोलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते "असेल तर असेल म्हणून सांगा". हे वाक्य टाकल्यापासून मला खरी उत्तरं जास्त यायला लागली. वेळ पण बघायची, दिवाळी-राखीच्या आदल्या दिवशी किंवा संध्याकाळी सहा ते नऊ या गर्दीत मेसेज टाकला तर "हो चालतंय" एवढंच येतं. दुपारी दोन-तीनला दुकान शांत असतं.

मालकांनी व्हॉइस नोट पाठवली. "ताई, पेढ्यात कायबी पीठ नाही, खवा, पिठीसाखर, वेलची. खवा भूमकडनं येतोय रोजचा. कलाकंद आमच्याच कढईत, दूध-साखर-तुरटी बास. टेबल मात्र एकच हाय, सकाळी आठला बालुशाही लागती. तुम्ही येऊलालाव का, मग बोलू."

हे उत्तर खूप चांगलं होतं, पण त्यात दोन ठिकाणी थांबायला लागलं. एक टेबल. दुसरी पिठीसाखर. पिठीसाखरेच्या तयार पाकिटात गुठळी होऊ नये म्हणून कधी कधी स्टार्च मिसळलेला असतो, बहुतेक मक्याचा. भाचीला तो चालेल, पण एकादशीवाल्यांना नाही. मी उलट विचारलं, पिठीसाखर तुम्ही दळता का पाकिटाची, ते म्हणाले मिक्सरला दळतो. प्रश्न मिटला.

घरी आयोडीनची टेस्ट करता येते आणि मी ती करते. पण तिचा भरवसा किती ठेवायचा हे कळलं पाहिजे. मिठाईचा हरभऱ्याएवढा तुकडा अर्धा कप पाण्यात कुस्करून दोन-तीन मिनिटं उकळायचा, म्हणजे स्टार्चचे कण फुटून मोकळे होतात. मग पूर्ण थंड होऊ द्यायचं, हे विसरायचं नाही, गरम पाण्यात रंग दिसतच नाही, स्टार्च असला तरी. मग मेडिकलमधून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब. निळा किंवा काळसर निळा झाला तर स्टार्च आहे, नुसता पिवळा-तपकिरी राहिला तर नाही. शेजारी दोन वाट्या अजून ठेवायच्या, एकात चिमूटभर मैदा उकळलेला आणि एकात साधं दूध, म्हणजे हो कसं दिसतं आणि नाही कसं दिसतं ते डोळ्यासमोर राहतं. झालं की सगळं सिंकमध्ये ओतायचं, ते खायचं नाही.

मी त्या दिवाळीला तीन नमुने करून बघितले होते. गुलाबजाम, तो शाईसारखा काळा झाला. पेढा पिवळाच राहिला पण पाण्यात बारीक निळे ठिपके दिसले, मी घाबरले, मग लक्षात आलं की वेलचीच्या दाण्यातच स्टार्च असतो आणि ठिपके वेलचीच्या कणांभोवतीच होते. तिसरी काजूकतली, ती चांगली निळी झाली, आणि त्यात मैदा असेलच असं नाही, काजूत मुळातच भरपूर स्टार्च असतो. म्हणून काजूच्या मिठाईवर ही टेस्ट करून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. उलटही होतं, स्टार्च तोडून केलेलं माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लिक्विड ग्लुकोज घातलं असेल तर आयोडीन निळं होत नाही. आणि ही टेस्ट ग्लुटेन दाखवत नाही, स्टार्च दाखवते. मैदा का कॉर्नफ्लोअर हे तिला कळत नाही, आणि भाचीला त्रास देणारा तो दशांश ग्रॅम तर तिच्या नजरेत यायचाच नाही. घरच्या टेस्टला पिवळं आलं म्हणून सिलिॲकच्या मुलाला मिठाई देऊ नका. खव्यात कुणी भरपूर पीठ ढकललंय का एवढं पकडायला ती चांगली, आणि खरंच पकडलं तर तो नमुना तसाच डब्यात ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडं द्यायचा, ते लॅबमध्ये तपासतात.

टेबलाचं काय केलं ते सांगते. मी मालकांना परत मेसेज केला की बालुशाहीच्या आधी, टेबल पुसलेलं असताना पहिली खेप पेढ्याची वळता येईल का, आणि आमचा स्टीलचा डबा आदल्या दिवशी आणून देते, पेढे काउंटरवरच्या ताटात न जाता थेट त्यात भरा. ते "या साडेसहाला" म्हणाले. शनिवारी सकाळी माझे दाजी डबा घ्यायला गेले तर कारागिराने त्यांच्यासमोर हात धुतले, स्वच्छ ताट काढलं आणि खाली पिठाऐवजी तुपाचं बोट फिरवलं. कलाकंद आम्ही कापलेला घेतला नाही, ट्रेमधला कोपरा अख्खा उचलून दिला त्यांनी, सुरी लागू नये म्हणून, घरी आमच्या सुरीने कापला. भाचीने दोन पेढे खाल्ले, तिसरा शाळेच्या डब्यात ठेवायला मागितला.